परीक्षेतील बैठक व्यवस्था सोडतीने: आपली खोली आणि बाक कसा शोधायचा, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा विभागाची सूचना. या सत्रापासून प्रत्येक पेपरची बैठक व्यवस्था आसन क्रमांकाच्या ओळीने न लावता सोडतीने, म्हणजे रँडम पद्धतीने लावली जाईल. कालचा बाक आज तुमचा नसेल. खिडकीवर सर्वाधिक विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली दिली आहेत. घाई असेल तर पहिली दोन उत्तरे वाचली तरी पेपरला बसता येईल. उरलेली उत्तरे ज्यांच्या मनात शंका आहे त्यांच्यासाठी.

माझी खोली कोणती, हे कधी आणि कुठे कळेल?

दोन टप्प्यांत. खोलीचा क्रमांक पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता कळेल. बाकाचा क्रमांक पेपरच्या दिवशी सकाळी साडेनऊला खोलीच्या दारावर लागेल. पेपर दहाचा आहे असे धरून या वेळा दिल्या आहेत. दुपारच्या सत्रात बाकाची यादी पेपरच्या अर्धा तास आधी लागेल.

खोली पाहण्यासाठी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ‘परीक्षा विभाग’ उघडा आणि ‘बैठक व्यवस्था’ निवडा. तिथे पेपरची तारीख आणि सत्र निवडून आसन क्रमांक व जन्मतारीख भरा. पडद्यावर एकच ओळ येईल: आसन क्रमांक, विषयाचे नाव, खोली. विषयाचे नाव प्रवेशपत्रावरच्या विषयाशी जुळते का ते आधी पाहा आणि मगच खोली लिहून घ्या. बरेच जण नेमके उलटे करतात.

चोपडा, यावल किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येणाऱ्यांच्या फोनला रेंज नसते, हे आम्हाला माहीत आहे. संकेतस्थळ उघडले नाही म्हणून रात्रभर जागू नका. तीच यादी कार्यालयासमोरच्या पोर्चमधल्या फलकावर आसन क्रमांकाच्या चढत्या क्रमाने लावलेली असते. सकाळी सव्वानऊपासून तिथे टेबल टाकून दोन कर्मचारी बसतात. प्रवेशपत्र दाखवा, ते खोली सांगतील. ‘मना नंबर कोठे शे?’ असे विचारले तरी चालेल, आमचे निम्मे कर्मचारी अहिराणीतच उत्तर देतील.

यादीवर `204-B07-L` असे लिहिले आहे. याचा अर्थ काय?

पहिले तीन अंक खोलीचे. त्यातला पहिला अंक मजला दाखवतो. 204 म्हणजे दुसरा मजला, आणि इथे तळमजला धरलेला नाही. तळमजल्यावरच्या खोल्यांची सुरुवात शून्याने होते, जसे 004.

`B07` म्हणजे सात क्रमांकाचा बाक. मोजणी दाराजवळच्या रांगेतल्या सर्वांत पुढच्या बाकापासून सुरू होते आणि मागे जाते. रांग संपली की पुन्हा पुढे येऊन दुसरी रांग. आपल्या बहुतेक खोल्यांत तीन रांगा आणि प्रत्येक रांगेत पाच बाक आहेत. म्हणून पहिली रांग १ ते ५, मधली ६ ते १० आणि भिंतीकडची ११ ते १५. सातवा बाक म्हणजे मधल्या रांगेतला पुढून दुसरा. मागच्या बाकावर पोहोचून तिथूनच पुढे नागमोडी मोजत येऊ नका. तसे मोजणारा सातव्याऐवजी नवव्या बाकावर बसतो आणि नवव्याचा विद्यार्थी आला की दोघांचीही पाच मिनिटे जातात.

शेवटचे अक्षर बाजू सांगते. `L` म्हणजे डावी आणि `R` म्हणजे उजवी. फळ्याकडे तोंड करून बसलेल्या विद्यार्थ्याची डावी-उजवी धरायची, समोर उभ्या असलेल्या पर्यवेक्षकांची नव्हे. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण पर्यवेक्षक हाताने ‘डावीकडे’ दाखवतात ती त्यांची डावी असते. शंका आली तर बाकावर चिकटवलेली चिठ्ठी वाचा. तिच्यावर तुमचा आसन क्रमांक छापलेला असतो आणि तोच शेवटचा शब्द.

बाकाचा क्रमांक आदल्या दिवशीच का देत नाही?

कारण बाक लाकडाचा असतो आणि पेन्सिल प्रत्येकाकडे असते. ज्याला आपला बाक संध्याकाळी कळतो, तो सकाळी आठला येऊन त्यावर काय लिहून ठेवील ते सांगायला नको. यात निर्दोष विद्यार्थीही अडकतो. भरारी पथक आले आणि तुमच्या बाकावर सूत्रे लिहिलेली दिसली, तर ती तुम्ही लिहिली नाहीत हे सिद्ध करणे कठीण जाते.

म्हणून बसल्याबरोबर बाक, त्याखालचा कप्पा आणि शेजारची भिंत पाहा. काही लिहिलेले किंवा कागद दिसला तर उत्तरपत्रिका हातात येण्याआधीच पर्यवेक्षकांना दाखवा. ते पुसून घेतील आणि आपल्या अहवालात नोंद करतील. ही नोंद तुमच्या बाजूची असते.

आसन क्रमांक, रोल नंबर आणि पीआरएन यांपैकी कोणता भरायचा?

आसन क्रमांक. तो त्या परीक्षेपुरता असतो आणि प्रवेशपत्रावर छापलेला असतो. पीआरएन हा विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी दिलेला कायमचा क्रमांक, तर रोल नंबर आपल्या वर्गातल्या हजेरीचा. रोल नंबर टाकला तर पडद्यावर ‘नोंद आढळली नाही’ एवढेच येते आणि विद्यार्थ्याला वाटते की आपला फॉर्मच भरला गेला नाही. नावाने शोधण्याची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. खानदेशात ‘पाटील’ लिहून शोधले तर दोन-तीन पाने भरतील, आणि त्यात एकाच नावाचे दोघे-तिघे असणे अगदी नेहमीचे आहे.

ओळीने बसवत होते ते काय वाईट होते?

आसन क्रमांक बहुतेक वेळा आडनावांच्या क्रमाने पडतात. त्यामुळे ओळीने बसवले की एक अख्खी खोली पाटलांची, दुसरी महाजन आणि चौधरींची होते. आडनावे एका गावात एकवटलेली असतात. म्हणजे शेजारी बसणारे अनेकदा एकाच गावचे, एकाच एसटीने येणारे, कधी चुलत भाऊ. कोण कुठे बसणार हे पहिल्या पेपरला कळले की शेवटच्या पेपरपर्यंत तेच. कॉपीची तयारी करायची तर यापेक्षा सोयीचे काय?

दुसरे कारण उन्हाचे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या दुपारच्या सत्रात भट्टीसारख्या तापतात. ओळीच्या पद्धतीत शेवटच्या आडनावांचे विद्यार्थी सगळे पेपर तिथेच देतात. सोडतीने खोल्या थंड होत नाहीत. पण एकच वाघ किंवा वाणी सहा पेपर त्याच स्लॅबखाली बसण्याची शक्यता फारच कमी होते.

सोडत म्हणजे नेमके काय करता? कुणालाही कुठेही बसवता का?

नाही. आधी नियम लागतात, त्यांच्या चौकटीत सोडत होते. एक उदाहरण आकड्यांसह पाहू.

समजा सकाळच्या सत्रात दोन पेपर आहेत. टीवाय बीकॉमचे १५० विद्यार्थी आणि एसवाय बीएस्सीचे १३०. खोल्या दहा, प्रत्येकीत १५ बाक, बाकावर दोघे. एकूण जागा ३०० आणि विद्यार्थी २८०.

पहिला नियम असा की एका बाकावर एकाच पेपरचे दोघे बसणार नाहीत. म्हणून प्रत्येक खोलीत बीकॉमचे १५ आणि बीएस्सीचे १३ येतील. दुसरा नियम मागच्या-पुढच्यांसाठी. प्रत्येक रांगेत पुढून पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बाकावर बीकॉम डावीकडे, तर दुसऱ्या आणि चौथ्या बाकावर बीकॉम उजवीकडे. बीएस्सी त्याच्या उलट. वरून पाहिले तर बुद्धिबळाचा पट दिसेल. तुमच्या डावीकडे, उजवीकडे, पुढे आणि मागे जो कोणी असेल, तो दुसऱ्या पेपरचा.

इथे एक सापळा आहे आणि केंद्रांवर तो हमखास लागतो. ‘विषम क्रमांकाच्या बाकावर बीकॉम डावीकडे’ असा नियम केला, तर रांगेत पाच बाक असल्यामुळे मधल्या रांगेचा पहिला बाक सहावा, म्हणजे सम येतो. मग पहिल्या रांगेतला उजवा आणि मधल्या रांगेतला डावा, असे पॅसेजच्या दोन बाजूंचे दोघे एकाच पेपरचे होतात. म्हणून बाकाचा क्रमांक धरायचा नाही, तो रांगेत पुढून कितवा आहे ते धरायचे. वरच्या उदाहरणातला `204-B07-L` हा मधल्या रांगेतला दुसरा बाक. तिथे बीकॉम उजवीकडे, म्हणून डावी जागा बीएस्सीची.

आता सोडत. आदल्या दिवशी चार वाजता दोन्ही पेपरच्या याद्या गोठवतात. त्यानंतर नाव घालायचे नाही आणि काढायचेही नाही. प्रत्येक यादी पत्ते पिसावेत तशी संगणकावर पिसली जाते. पिसलेल्या बीकॉमच्या यादीतले पहिले पंधरा पहिल्या खोलीत, पुढचे पंधरा दुसऱ्या खोलीत, आणि याच क्रमाने पुढे. बीएस्सीचे तेरा-तेरा. सहा वाजता लागते ती ही यादी. पेपरच्या दिवशी सकाळी साडेआठला नियंत्रण कक्षात, वरिष्ठ पर्यवेक्षकांसमोर, प्रत्येक खोलीतले विद्यार्थी पुन्हा पिसून बाकांवर बसवले जातात. ही दुसरी सोडत पहिलीपासून पूर्ण वेगळी असते.

दर खोलीत बीएस्सीच्या दोन जागा रिकाम्या राहतात. त्या भिंतीकडच्या रांगेतल्या शेवटच्या दोन बाकांवर, `B14-L` आणि `B15-R`. रिकामी दिसली म्हणून पिशवी ठेवायला किंवा ऐसपैस बसायला वापरू नका. का, ते पुढे येईलच.

मी आणि माझा मित्र एकाच खोलीत आलो. मग ही सोडत कसली?

सोडत म्हणजे सगळ्यांना एकमेकांपासून मोजून दूर बसवणे नव्हे. वरच्या उदाहरणात तुम्ही बीकॉमचे असाल तर उरलेल्या १४९ जणांपैकी १४ जण तुमच्या खोलीत येणारच. म्हणजे ठराविक एक मित्र तुमच्या खोलीत येण्याची शक्यता साधारण अकरापैकी एक. तुमचे वर्गात पाच जिवलग असतील तर त्यांतला एखादा सोबत येणे हे नवल नाहीच. तो मित्र तुमच्या तिरक्या कोपऱ्यातल्या बाकावर येण्याची शक्यता मात्र सदतिसांपैकी एकच, तीही तुम्ही खोलीच्या मधोमध बसला असाल तर. थेट शेजारी, पुढे किंवा मागे तो येऊच शकत नाही.

आडनावांचेही तसेच. १५० जणांत ४५ पाटील असतील तर प्रत्येक खोलीत सरासरी साडेचार पडतात. एखाद्या खोलीत सात आले आणि दुसरीत दोन, तर सोडत बिघडली असे होत नाही. उलट सगळ्या खोल्यांत नेमके चार-पाचच पडले, तर यादी कुणी हाताने जुळवली की काय, असा संशय घ्यायला जागा आहे.

संगणकाने काढली म्हणता, पण बटण दाबणारा माणूसच ना? आपल्या माणसाला हवी ती खोली देता येणार नाही का?

प्रश्न रास्त आहे. म्हणूनच उत्तर थोडे लांब आहे.

संगणक खरोखरच्या चिठ्ठ्या काढत नाही. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्याला बीज म्हणू. तीच यादी आणि तेच बीज दिले तर पिसलेला क्रम दर वेळी तोच येतो. वापरलेला भाग एवढाच आहे:

```python
import random
yadi = sorted(asan_kramank)
random.seed(482615)
random.shuffle(yadi)
```

यात `482615` हे बीज केवळ नमुन्यादाखल. लबाडीची जागा इथेच असते. बीज परीक्षा विभागाने स्वतः निवडले, तर पन्नास आकडे घालून पाहता येतात आणि सोयीची यादी देणारा आकडा ‘सोडतीत आला’ असे सांगता येते. वरून सगळे निर्दोष दिसेल. म्हणून बीज आम्ही निवडत नाही. याद्या गोठवल्यावर, एकूण विद्यार्थीसंख्या कागदावर लिहून सह्या झाल्यावर, वर्ग प्रतिनिधी डब्यातून सहा वेळा चिठ्ठी काढतात. डब्यात ० ते ९ अशा दहा चिठ्ठ्या असतात आणि काढलेली चिठ्ठी वाचून दर वेळी परत टाकली जाते. आलेला सहा अंकी आकडा नोंदवहीत लिहितात आणि तोच संगणकाला देतात.

क्रम महत्त्वाचा आहे, आधी यादी आणि मग बीज. उलटे केले, तर बीज माहीत झाल्यावर यादीत एखादे नाव पुढेमागे सरकवून निकाल फिरवता येतो. `sorted` ही ओळ त्यासाठीच आहे. यादी नेहमी आसन क्रमांकाच्या चढत्या क्रमाने लावूनच पिसायची, म्हणजे सरकवण्यासारखे काही उरत नाही.

सगळ्या पेपरांची बीजे पहिल्याच दिवशी का काढत नाही, असेही विचारतात. बीज आणि यादी हातात असली की वरचा कार्यक्रम चालवणाऱ्या कुणालाही पुढच्या आठवड्याची आपली खोली आजच काढता येईल. म्हणून रोजची सोडत रोज. सकाळच्या दुसऱ्या सोडतीचे बीज तर पेपर संपल्यावरच फलकावर लागते.

मला स्वतः पडताळून पाहायचे आहे. कसे?

पेपर संपल्यावर फलकावर तीन गोष्टी लागतात: गोठवलेल्या याद्या, दोन्ही बीजे आणि अंतिम बैठक तक्ता. संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेत यादी आणि बीज घालून वरचा कार्यक्रम चालवा आणि पहिले पंधरा क्रमांक पहिल्या खोलीच्या यादीशी ताडून पाहा. क्रम जुळला नाही तर आधी दोन गोष्टी तपासा. आसन क्रमांक सगळीकडे मजकूर म्हणून घेतले की संख्या म्हणून? मजकुराची क्रमवारी वेगळी लागते, त्यात 1000 हा 999 च्या आधी येतो. आमच्याकडे ते संख्या म्हणून घेतले जातात. दुसरे, यादीतून एखादा क्रमांक गळला नाही ना? एक जरी कमी-जास्त झाला तरी सगळा क्रम बदलतो. हे तपासूनही जुळत नसेल तर छापील निकाल घेऊन लेखी अर्ज द्या.

मग कुणी उशिरा फॉर्म भरून आला तर सगळ्यांच्या जागा बदलणार?

नाही. नेमके हेच टाळण्यासाठी यादी गोठवायची असते. चार वाजल्यानंतर विद्यापीठाकडून परवानगी घेऊन आलेल्यांना सोडतीत घेत नाहीत. आपल्या उदाहरणात असा विद्यार्थी बीएस्सीचा असेल तर तो `B14-L` किंवा `B15-R` अशा रिकाम्या जागी बसेल. तो बीकॉमचा असेल तर त्याला तिथे बसवता येत नाही, कारण त्याच बाकावर दुसरा बीकॉमचाच विद्यार्थी आहे. अशांसाठी तळमजल्यावरची 004 ही राखीव खोली आहे.

यादीत माझे नावच नाही. घरी जाऊ का?

अजिबात नाही. असे विद्यार्थी घरी गेल्याचे पेपर संपल्यावर कळते आणि मग काही करता येत नाही.

आधी प्रवेशपत्र पाहा. त्यावर आजचा विषय, तारीख आणि सत्र छापलेले असेल, तर चूक आमच्या यादीत आहे. सरळ 004 मध्ये जा. तिथे प्रवेशपत्रावरून तुम्हाला बसवतील, उत्तरपत्रिका देतील आणि नोंद नंतर दुरुस्त होईल. पेपरचा एक मिनिटही यात जायला नको, म्हणून दहाला पाच कमी असताना येऊ नका.

प्रवेशपत्रावरच आजचा विषय नसेल तर प्रश्न वेगळा आहे. प्रवेशपत्र आणि आसन क्रमांक कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे, खोली आणि बाक महाविद्यालयाचे. प्रवेशपत्रात विषय घालण्याचा अधिकार आम्हाला नाही. फॉर्म भरताना विषयाचा कोड चुकला की हे होते. बॅकलॉगच्या विद्यार्थ्यांत हे सर्वाधिक दिसते, कारण जुन्या आणि नव्या अभ्यासक्रमातल्या विषयाचे नाव तेच असते आणि कोड वेगळा. म्हणून प्रवेशपत्र मिळाल्याच्या दिवशीच कोड तपासा. दुरुस्तीला तेव्हा वेळ असतो.

व्हॉट्सॲपवर आलेल्या यादीत वेगळी खोली दिसते. कोणती खरी?

फलकावरची. प्रत्येक यादीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेपरची तारीख, सत्र, छापल्याची वेळ आणि आवृत्ती क्रमांक असतो. फोटो काढताना नेमका हाच कोपरा कापला जातो आणि मंगळवारची यादी गुरुवारी फिरत राहते. आवृत्ती २ असेल तर १ रद्द. पण दुसरी आवृत्ती क्वचितच निघते. एखाद्या खोलीत वीज गेली किंवा छत गळले तरच, आणि तेव्हा ती अख्खी खोली जशीच्या तशी दुसरीकडे हलते.

संकेतस्थळावरही जुने पान दिसू शकते, कारण फोन आधी उघडलेले पान साठवून ठेवतो. पडद्यावर आजची तारीख नसेल तर पान पुन्हा लोड करा.

इतर केंद्रांवर अशा याद्यांत एकाचे नाव आणि दुसऱ्याचा क्रमांक असे होते. का?

बहुधा एक्सेलमुळे. तिथे `=RAND()` लिहून प्रत्येक नावापुढे एक आकडा आणतात आणि त्याच्या क्रमाने यादी लावतात. पण हा आकडा शीटमध्ये काहीही केले की बदलतो. फाइल नुसती उघडली तरी बदलतो. एका कारकुनाने सकाळी छापलेली आणि दुसऱ्याने दुपारी क्रम लावून छापलेली, अशा दोन वेगळ्या याद्या दोन फलकांवर लागतात. आकडे आल्याबरोबर ते ‘व्हॅल्यू’ म्हणून चिकटवले तर हा घोटाळा होत नाही.

दुसरी चूक जास्त वाईट. क्रम लावताना एकच रकाना निवडला गेला, तर क्रमांक हलतात आणि नावे जागीच राहतात. यादी दिसायला नीटनेटकी, पण प्रत्येक ओळ चुकीची. तिसरी चूक सोळा अंकी पीआरएनची. एक्सेल पंधराच अंक नीट ठेवतो, सोळावा शून्य करून टाकतो. एखाद्या यादीत सगळ्यांचे पीआरएन शून्याने संपत असतील, तर ती यादी कुणी कशी केली ते ओळखायला तेवढे पुरे. आमच्या यादीत असे काही दिसले तर आम्हालाही सांगा.

मी चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसलो आणि पेपर सुरू झाला. आता?

हात वर करा आणि सांगा. हजेरीपत्रकावर तुमच्या आसन क्रमांकापुढे उत्तरपत्रिकेचा क्रमांक लिहून तुमची सही घेतात. ती सही होण्याआधी सांगितले तर फक्त जागा बदलावी लागते. सही झाल्यावर कळले तर पर्यवेक्षक दुरुस्ती करून स्वतःची सही करतात. न सांगता बसून राहिलात तर तुमच्या खऱ्या खोलीत तुम्ही गैरहजर, आणि इथे एक उत्तरपत्रिका जास्त. संध्याकाळी हिशेब जुळेपर्यंत तुमची उत्तरपत्रिका बाजूला राहते. मुद्दाम जागा बदलून घेतली असेल तर गैरप्रकाराचा अहवाल होतो.

मला जिना चढता येत नाही. सोडतीत वरचा मजला आला तर?

तुम्हाला सोडतीत घेतच नाहीत. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तळमजल्यावर स्वतंत्र खोली असते. लेखनिक घेणाऱ्यांनाही तिथेच बसवतात, कारण उत्तरे मोठ्याने सांगावी लागतात. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पात्र विद्यार्थ्यांना दर तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटे. अर्ज आणि प्रमाणपत्र यादी गोठवण्याआधी द्यावे.

पाय मोडला आहे, टाके पडले आहेत, गरोदरपणाचे शेवटचे महिने आहेत, अशा तात्पुरत्या अडचणींतही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तळमजला मिळतो. आदल्या रात्री काही झाले तर सकाळी पोर्चमधल्या टेबलावर सांगा. राखीव खोली तळमजल्यावर ठेवण्याचे एक कारण हेही आहे.

पंख्याखालची जागा, पहिला बाक किंवा बहिणीसोबत एकच खोली मिळेल का?

नाही. चष्मा असूनही फळ्यावरची सूचना दिसत नसेल तर पर्यवेक्षक ती वाचून दाखवतील. पंखा बंद असेल तर पेपर सुरू होण्याआधी सांगा, शिपाई लगेच पाहतो. दोघी बहिणी एकाच दुचाकीवर येत असतील तर पोर्चमध्ये भेटून आपापल्या खोलीत जा.

सुरतकडून येणारी गाडी उशिरा आली तर खोली शोधायला वेळ मिळत नाही. काय करावे?

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर मार्गाने येणाऱ्यांनी खोली आदल्या संध्याकाळीच प्रवेशपत्राच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवावी, पेपरच्या आधी खोडून टाकावी आणि थेट त्या खोलीच्या दारापाशी जावे. पोर्चच्या फलकासमोर नऊ वाजून चाळीस मिनिटांनंतर मोठी गर्दी होते. दारावर त्या खोलीतल्या २८ जणांचीच नावे असतात, तिथे बाक एका मिनिटात सापडतो. उशिरा आलेल्यांना किती वेळेपर्यंत आत घ्यायचे ते प्रवेशपत्रावरच्या सूचनेप्रमाणेच ठरते. गाडीच्या उशिराचा दाखला आणला तरी ती वेळ आम्हाला वाढवता येत नाही.